मर्जीवरचं घर

कोथरूडच्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोलीत मी चार वर्षं राहिले. मालक काका-काकू दोघंही अतिशय चांगले. भाडं बाजारापेक्षा कमी, दर संकष्टीला काकू वाटीभर काहीतरी आणून द्यायच्या, मला ताप आला तेव्हा काकांनी स्वतः रिक्षा करून डॉक्टरकडे नेलं होतं. करारबिरार काही नव्हता. पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "कागद कशाला हवेत, तू मुलीसारखी आहेस," आणि मला ते इतकं बरं वाटलं की मी घरी आईला फोन करून सांगितलं.

चार वर्षांत काकांनी मला एकदाही कशाला नाही म्हटलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. उशिरा येऊ नको म्हणाले नाहीत, मित्र-मैत्रिणी आल्या तर कपाळाला आठी नाही. पण मी मात्र हळूहळू एक वेगळीच बाई झाले होते. रात्री साडेदहानंतर यायचं असलं की गेटची कडी आवाज न करता उघडायची, काका ओट्यावर पेपर वाचत असले की दोन मिनिटं थांबून त्यांच्या राजकीय मतांना मान डोलवायची, काकूंनी दिलेली साबुदाण्याची खिचडी आवडत नसली तरी "मस्त झालीये" म्हणायचं. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, माझं मीच शिकले.

मग एक दिवस गल्लीतली दोन-तीन माणसं सह्या घेत आली. कोपऱ्यावरचा प्लॉट बागेसाठी आरक्षित होता आणि त्यावर बांधकामाचं सामान येऊन पडलं होतं, म्हणून वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यायचा होता. मला ते शंभर टक्के पटत होतं. मी पेन हातात घेतलं, अर्ज वाचला, आणि तेवढ्यात आठवलं की ते सामान काकांच्या पुतण्याचं आहे. मी पेन परत दिलं आणि म्हणाले, "काकांना विचारून सांगते." त्यातल्या एका आजोबांनी माझ्याकडे जे बघितलं ना, ते मला अजून दिसतं. ते रागावले नव्हते, त्यांना कळलं होतं.

काकांना मी विचारलंच नाही. सहीही केली नाही. आणि काका कदाचित म्हणाले असते, "कर की, तुझं मत आहे." खरंच म्हणाले असते, माणूस तसाच होता.

तर प्रश्न असा की त्या चार वर्षांत मी स्वतंत्र होते का?

आपण आज ज्या अर्थाने स्वातंत्र्य हा शब्द वापरतो, त्या हिशोबाने याचं उत्तर सरळ 'हो' आहे. कुणी अडवलं नाही, धमकावलं नाही, दार बंद केलं नाही, म्हणजे स्वतंत्र. उदारमतवादी परंपरेतली स्वातंत्र्याची सगळ्यात प्रचलित व्याख्या हीच आहे, आडकाठी नसणं. पण याच्याआधीची, याच्यापेक्षा बरीच जुनी एक परंपरा आहे जी याला सपशेल 'नाही' म्हणते. तिला रिपब्लिकन परंपरा म्हणतात. (महाराष्ट्रात हा शब्द उच्चारला की आधी पक्ष आठवतो, पण इथे मी एका विचारपरंपरेबद्दल बोलतेय. बाबासाहेबांशी मात्र तिचा संबंध आहे, त्याकडे येतेच.) या परंपरेचं म्हणणं असं की तुमच्या आयुष्यात कुणीतरी मनात येईल तेव्हा, विचारणारं कुणी नसताना, ढवळाढवळ करू शकतो, एवढी नुसती परिस्थिती असली तरी तुम्ही स्वतंत्र नाही. तो ढवळाढवळ करतो की नाही हा पुढचा प्रश्न. आपल्या भाषेत सांगायचं तर स्वतंत्र असणं म्हणजे कुणाच्या मर्जीवर नसणं. मर्जी बरी आहे का वाईट, हे तिथे विचारतच नाहीत.

याची मुळं रोमन कायद्यात आहेत. तिथे माणसांची पहिली विभागणीच अशी होती की माणूस एकतर स्वतंत्र किंवा गुलाम, आणि गुलाम म्हणजे जो दुसऱ्याच्या सत्तेखाली आहे तो. मारहाण, उपासमार, साखळदंड यातलं काही व्याख्येत नव्हतं. रोममध्ये असे गुलाम होते जे मालकाचा धंदा बघायचे, पैसा हाताळायचे, शिकलेले होते, मालक प्रेमळ होता, आणि तरी कायद्याच्या दृष्टीने ते पूर्ण गुलाम होते, कारण मालकाची मर्जी उद्या फिरली तर त्याला जाब विचारणारं कुणी नव्हतं. इतिहासकार क्वेंटिन स्किनर आणि तत्त्वज्ञ फिलिप पेटिट या दोघांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत ही विस्मरणात गेलेली व्याख्या पुन्हा वर काढली, आणि त्यांच्या लिखाणात हा चांगल्या मालकाचा गुलाम पुन्हा पुन्हा येतो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो ओट्यावरचा पेपर आठवला.

पण या दोन व्याख्या एकमेकींसमोर सगळ्यात स्पष्ट उभ्या राहिल्या त्या इंग्लंडमध्ये, यादवी युद्धाच्या आगेमागे. १६५१ साली इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने एक दाखला दिला. इटलीत लुक्का नावाचं एक छोटं प्रजासत्ताक शहर होतं, त्याच्या बुरुजांवर मोठ्या अक्षरात 'लिबर्तास' म्हणजे स्वातंत्र्य असं लिहिलेलं होतं. हॉब्ज म्हणाला, लिहिलंय खरं, पण म्हणून लुक्काच्या माणसाला कॉन्स्टँटिनोपलमधल्या माणसापेक्षा जास्त मोकळीक आहे असं काही त्यावरून ठरत नाही. कॉन्स्टँटिनोपल म्हणजे सुलतानाचं राज्य. हॉब्जचा मुद्दा तसा सरळ होता. कायदे दोन्हीकडे आहेत, कायदा जिथे गप्प आहे तिथे माणूस मोकळा आहे, मग राज्य लोकांचं असो की सुलतानाचं, मोकळीक मोजायची ती बंधनं किती यावरून. कदाचित सुलतानाकडे कायदे कमीच असतील.

याला पाच वर्षांनी, १६५६ साली, जेम्स हॅरिंग्टन या इंग्रज रिपब्लिकन लेखकाने उत्तर दिलं, आणि ते उत्तर मला तोंडपाठ झालंय इतकं आवडतं. तो म्हणतो, लुक्काच्या माणसाला त्याच्या कायद्यांपासून तुर्कापेक्षा जास्त मोकळीक नाही हे एक बोलणं झालं, आणि त्याच्या कायद्यांनी त्याला तुर्कापेक्षा जास्त मोकळीक मिळत नाही हे अगदी दुसरं बोलणं. हॉब्जने दोन्ही एकच धरली. मराठीत हे किती नेमकं बसतं बघा, 'कायद्यापासून' आणि 'कायद्याने'. एका प्रत्ययात अख्खा वाद आहे. आणि पुढे हॅरिंग्टन म्हणतो की कॉन्स्टँटिनोपलमधला मोठ्यातला मोठा पाशा, म्हणजे सुलतानाचा सरदार घ्या, त्याची इस्टेटच काय, धडावरचं डोकंसुद्धा त्याच्याकडे भाड्याने आहे, धन्याच्या मर्जीवर. उलट लुक्कातला अगदी लहानसा जमीनवाला दोन्हींचा मालक आहे आणि कायद्याशिवाय कुणी त्याला हलवू शकत नाही.

पाशा श्रीमंत होता, हुकूम सोडत होता, त्याचे लाड होत होते, पण होता मर्जीवरचा भाडेकरू. इंग्लंडच्या जमीन कायद्यात ही खरीच एक वर्गवारी होती, मालकाची मर्जी असेल तोवरचं कूळ. हॅरिंग्टनने तीच उचलून राजकारणात आणली. माझी कोथरूडची खोली मी त्याआधी कधी या शब्दांत बघितली नव्हती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. उदारमतवादी म्हणतात की यात नवीन काय, चांगला मालक म्हणजे ढवळाढवळीची शक्यता कमी, वाईट मालक म्हणजे जास्त, आम्ही आमच्या हिशोबात शक्यतासुद्धा धरू, झालं. मलाही बरेच दिवस वाटायचं की फरक फक्त शब्दांचा आहे. पण मग पेटिटचा एक युक्तिवाद वाचला आणि माझ्यापुरता तो प्रश्न मिटला. तो असा, की स्वातंत्र्य म्हणजे जर ढवळाढवळीची शक्यता कमी असणं, तर मी ती शक्यता मालकाची खुशामत करून कमी करू शकते. गोड बोलले, मान डोलावली, खिचडीचं कौतुक केलं, की मालक खूश, शक्यता कमी, म्हणजे मी जास्त स्वतंत्र! जी व्याख्या लांगूलचालनाला स्वातंत्र्यात झालेली वाढ म्हणून मोजते तिच्यात काहीतरी मुळातच चुकलंय. मी गेटची कडी आवाज न करता उघडायला शिकले तेव्हा माझं स्वातंत्र्य वाढत होतं असं कुणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही, कारण ती कडी उघडणारा हात माझा होता आणि त्या हाताला तेव्हा काय वाटत होतं ते मला माहितीये.

यातूनच ओळखायची एक साधी खूणही मिळते. पेटिट तिला डोळ्याला डोळा देण्याची कसोटी म्हणतो. समोरच्याच्या डोळ्यात बघून, भीती न बाळगता, लाचारी न करता बोलता येतं का, आणि नाराज केलं तर फार तर नाराजी होईल, पायाखालची जमीन जाणार नाही, एवढा भरवसा आहे का. माझ्या मते याला आपल्याकडची एक जोड द्यायला हवी, तुमचा किती वेळ समोरच्याचा मूड ओळखण्यात जातो ते बघा. आज साहेबांचा मूड कसा आहे हे ज्या ऑफिसात पहिल्यांदा विचारलं जातं, जिथे सासरे जेवायला बसले की घराचा आवाज बदलतो, तिथे अजून काहीच वाईट घडलेलं नसतं आणि तरी ते सगळं तिथे असतं. मराठीत मर्जी राखणे, मर्जी सांभाळणे, मर्जीतला माणूस, खप्पा मर्जी, एवढे वाक्प्रचार उगाच तयार झालेले नाहीत.

मग ही जुनी व्याख्या गेली कुठे? याची गोष्ट अमेरिकेच्या चहाशी येऊन मिळते. १७७३ साली ब्रिटिश संसदेने जो चहाचा कायदा केला त्याने वसाहतीतला कायदेशीर चहा महाग नाही झाला, उलट स्वस्त झाला, कारण ईस्ट इंडिया कंपनीला थेट तिथे माल न्यायची परवानगी मिळाली. पाउंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा राहिला. तरी १६ डिसेंबरला बॉस्टनच्या लोकांनी ३४२ पेट्या समुद्रात टाकल्या. आडकाठीच्या व्याख्येने बघितलं तर हा वेडेपणा वाटतो, तीन पेन्स म्हणजे आडकाठी ती केवढीशी. पण त्याआधीच, १७६६ मध्ये, संसदेने कायदा करून सांगून ठेवलं होतं की वसाहतींना 'कुठल्याही बाबतीत' बांधून ठेवायचा आम्हाला अधिकार आहे. जोसेफ प्रीस्टली नावाच्या इंग्रज विचारवंताने तेव्हा लिहिलं की ज्या अधिकाराने एक पेनी घेता येते त्याच अधिकाराने शेवटची पेनीसुद्धा घेता येते. भांडण एका पेनीचं नव्हतंच, त्या अधिकाराचं होतं. आणि रिचर्ड प्राइस या दुसऱ्या विचारवंताने तर स्वच्छ म्हटलं की धन्याच्या सत्तेखालच्या माणसाला कितीही न्यायाने, कितीही मायेने वागवलं तरी त्याला स्वतंत्र म्हणता येत नाही.

याला उत्तर द्यायला १७७६ मध्ये जॉन लिंड उभा राहिला, वसाहतींच्या स्वातंत्र्याचा विरोधक, आणि त्याने हत्यार आणलं ते मित्राकडून, तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमकडून. स्वातंत्र्य म्हणजे निव्वळ सक्तीचा अभाव, बाकी काही नाही. ही व्याख्या एकदा घेतली की कायदा कुणाचाही असो तो थोडं स्वातंत्र्य कापतोच, इंग्लंडातल्या माणसाचंही आणि बॉस्टनमधल्याचंही, मग वसाहतवाले वेगळे गुलाम कसे? आज आपल्याला जी व्याख्या इतकी स्वाभाविक वाटते ती या वादात वापरली गेली ती साम्राज्याची बाजू घ्यायला, ही गोष्ट मला विसरता येत नाही. अर्थात दुसरी बाजूही स्वच्छ नव्हती. आम्हाला गुलाम करताय असं ओरडणाऱ्या त्या वसाहतींमध्ये लाखो माणसं खरोखरची गुलाम होती आणि ओरडणाऱ्यांपैकी कित्येक जण त्यांचे मालक होते. जुन्या रिपब्लिकन परंपरेचं हे मोठं पाप आहे. तिची व्याख्या उत्तम होती पण ती लागू कुणाला, तर मालमत्ता असलेल्या पुरुषांना. बायका, नोकर, गुलाम हे घराच्या आत, आणि घराच्या आत कुणाची मर्जी चालते हे विचारायचंच नाही.

आणि पेटिटचा अंदाज असा आहे की व्याख्या आक्रसली तीसुद्धा इथेच. १७८५ मध्ये विल्यम पॅली नावाच्या पाद्रीविचारवंताने लिहिलं की स्वातंत्र्याच्या ज्या व्याख्या प्रत्यक्षात न मिळणारी गोष्ट आवश्यक ठरवतात त्या सोडून द्याव्यात, उगाच अपेक्षा भडकतात. त्या काळापर्यंत निदान कागदावर तरी सगळी माणसं मोजायची सुरुवात झाली होती. आता सगळ्यांना स्वातंत्र्य द्यायचं, आणि स्वातंत्र्य म्हणजे कुणाच्याही मर्जीवर नसणं, तर मग नवऱ्याची बायकोवरची सत्ता, मालकाची मजुरावरची सत्ता, सगळंच मोडावं लागेल. ते परवडणारं नव्हतं. आडकाठीची व्याख्या स्वस्त होती, ती सगळ्यांना वाटता आली. माणसं वाढली आणि वाटा लहान झाला. हा अंदाज आहे, याच्याशी वाद घालणारे इतिहासकार आहेत, पण मला तो पटतो, कारण नंतर जिथे जिथे वंचितांनी स्वतः स्वातंत्र्याबद्दल बोलायला सुरुवात केली तिथे तिथे ती जुनी, महाग व्याख्याच परत आली.

आता बाबासाहेब. मला खोतीचं उदाहरण घ्यायचंय, कारण हॅरिंग्टनचा मर्जीवरचा भाडेकरू आपल्या कोकणात अक्षरशः होता. रत्नागिरी आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांत खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा. १८८० च्या खोती कायद्याने काही कुळांना कब्जाचा हक्क मिळाला, पण बाकीची कुळं कायद्याच्या भाषेतच खोताच्या मर्जीची होती, म्हणजे तो म्हणेल तेव्हा जमीन सोडायची. अर्धा भात खोताला, वर वेठ, वर सणासुदीच्या भेटी. अलिबागजवळच्या चरीत तर नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ सहा वर्षं संप केला.

१९३७ च्या सप्टेंबरमध्ये आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं. त्याच्या उद्देशपत्रिकेतला युक्तिवाद थांबून वाचण्यासारखा आहे. सारा भरायचं बंधन खोतावर आहे, पण खालच्या कुळांशी काय वाटेल ते करायला ही पद्धत त्याला मोकळं सोडते, आणि त्यातून कुळं गुलामीच्या अवस्थेला आली आहेत, असं तिथे म्हटलंय. म्हणजे बोट ठेवलंय ते 'काय वाटेल ते' यावर. आणि उपाय बघा. खोतांनी सौजन्याने वागावं असा ठराव नाही, वसुलीची कमाल मर्यादा ठरवून थांबणंही नाही. खोताला वाजवी भरपाई द्या आणि जो प्रत्यक्ष जमीन कसतो त्याला १८७९ च्या जमीन महसूल कायद्याखालचा कब्जेदार करा, त्याचं नातं थेट सरकारशी, मधली मर्जीच काढून टाका.

यात चांगला खोत आणि वाईट खोत असा भेद नाही. कोकणात आजही म्हातारी माणसं सांगतात की आमचा खोत देवमाणूस होता, दुष्काळात कोठार उघडायचा. मी त्यावर वाद घालत नाही, असेल देवमाणूस. पण बिल त्यालाही तितकंच लागू होतं जितकं चाबूक ओढणाऱ्याला. त्या वेळी ते बिल पास झालं नाही, खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. पुढे कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा दिवस ठरला, त्या दिवशी कसणाऱ्या बहुतेक कुळांना कायद्याने मालक धरलं गेलं. बेंथमच्या हिशोबाने ही सगळी सरकारी ढवळाढवळ, खोताचं स्वातंत्र्य कापलं. हॅरिंग्टनच्या हिशोबाने 'कायद्याने' मिळालेली मोकळीक. कायदा म्हटलं की स्वातंत्र्याची काटछाट, हे रिपब्लिकन परंपरेला मान्यच नाही. तिची अट एवढीच की तो कायदा पुन्हा कुणा एकाच्या मर्जीचा नसावा, ज्यांच्यावर तो चालतो त्यांना त्याला जाब विचारता यावा. आणि हे सांगायला जितकं सोपं तितकं करायला अवघड आहे, कारण खोत हटला आणि त्याच्या जागी तलाठ्यापुढे सातबाऱ्यासाठी ताटकळणं आलं तर मर्जी फक्त खुर्ची बदलून बसली. हा या विचारातला सगळ्यात कच्चा दुवा आहे असं मला वाटतं. खोताला सरकार आवरतं, पण सरकारला कोण?

याचं या परंपरेतलं उत्तर म्हणजे नागरिकांचा सद्गुण. शब्द ऐकला की आपल्याला नागरिकशास्त्राचं पुस्तक आठवतं, रांगेत उभे राहा, कचरा टाकू नका. पण सोळाव्या शतकातला इटालियन विचारवंत माकियावेल्ली, त्याच्याकडे याचा अर्थ बराच खरखरीत आहे. त्याच्यासाठी सद्गुणी नागरिक म्हणजे भांडणारा, लक्ष ठेवणारा, कुणाचाही अंकित न होणारा माणूस. रोम स्वतंत्र राहिलं ते सामान्य लोक आणि उमराव यांच्यात सतत भांडणं होती म्हणून, असं तो म्हणतो, आणि त्या काळात हे म्हणणं धाडसाचं होतं. अंकित होण्याबद्दल त्याने स्प्युरियस मेलियसची गोष्ट घेतली आहे. इसवीसनापूर्वी ४३९ च्या सुमाराला रोममध्ये धान्याची टंचाई असताना या श्रीमंत व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशाने धान्य आणून लोकांना वाटलं. लोक त्याच्यामागे गेले, सिनेट घाबरली, तो राजा व्हायला बघतोय असा आरोप झाला आणि त्याला मारून टाकलं. माकियावेल्ली यातून म्हणतो की नाव मिळवायचे दोन रस्ते असतात. एक सार्वजनिक, चांगला सल्ला देऊन, चांगलं काम करून. दुसरा खासगी, याला कर्ज दे, त्याच्या मुलीचं लग्न लावून दे, तिसऱ्याला अधिकाऱ्यापासून वाचव. दुसऱ्या रस्त्याने माणसं तुमची होतात, आणि माणसं कुणाची तरी झाली की गणराज्य सुटत जातं.

मेलियसला खटला न चालवता मारलं हे मला अजिबात पटत नाही, ती तर उमरावांची मर्जीच झाली. पण ती यादी वाचताना मी थबकले. कर्ज, लग्न, अधिकाऱ्यापासून सोडवणं. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या नेत्याचा दिवस लिहून काढा, सकाळी बंगल्यावर जमलेली माणसं, दवाखान्याचं बिल, पोरीचं लग्न, पोलीस स्टेशनला एक फोन. ते काम होतं ही वाईट गोष्ट नाही, माणसाची नड भागते. फक्त ते हक्काने न होता उपकाराने होतं, आणि उपकाराखालचा माणूस पुढच्या वेळी सह्यांचा कागद आला की पेन परत देतो.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतलं शेवटचं मोठं भाषण करताना आंबेडकर नेमकं याच ठिकाणी थांबले. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा हवाला देऊन ते म्हणाले की कितीही मोठा माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. आणि मग कृतज्ञतेबद्दल बोलले. ज्यांनी देशासाठी आयुष्य दिलं त्यांच्याबद्दल कृतज्ञ असण्यात गैर नाही, पण तिला मर्यादा आहेत, आणि तिथे आयरिश नेते डॅनियल ओकॉनेलचं वचन सांगितलं, की स्वातंत्र्याची किंमत देऊन कुठलंही राष्ट्र कृतज्ञ राहू शकत नाही. धर्मातली भक्ती मोक्षाला नेत असेल, राजकारणातली अधःपतनाला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते, हेही तिथेच. संविधान तयार होतं, दुसऱ्या दिवशी ते स्वीकारलं जाणार होतं, आणि या माणसाला काळजी होती ती लोकांच्या मनातल्या उपकाराच्या भावनेची. त्यांनी हॅरिंग्टन आणि माकियावेल्ली यांच्यावरून हे घेतलं असं मी म्हणत नाही. गावकुसाबाहेर राहून मर्जी म्हणजे काय हे ज्याला कळलं त्याला ते इटलीतून आणायची गरज नव्हती.

ती खोली मी सोडली. नंतरच्या घरी लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा रजिस्टर करार केला. १९९९ च्या महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि केला नाही तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नवा मालक तुसडा होता, चार वाक्यांच्या वर बोलायचा नाही. त्याच्याशी मी पाण्याच्या मोटरवरून कडाडून भांडले आणि रात्री शांत झोपले.

आता आमच्याकडे कामाला येतात त्या मावशींचं सांगते, नाहीतर हे अर्धंच राहील. आठ वर्षं येतायत. आम्ही एकमेकींना खूप धरून आहोत असं मला वाटायचं. मुलाच्या ॲडमिशनला मी पैसे दिले होते, सुट्टी मागितली की कधी नाही म्हटलं नाही. मागच्या वर्षी सुट्ट्यांबद्दल मी सहज विचारलं, "मावशी, महिन्याला किती सुट्ट्या हव्यात तुम्हाला?" तर त्या फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "तुम्ही द्याल तेवढ्या, ताई. तुमची मर्जी." वर बघितलंसुद्धा नाही.

मी कागद काढला. चार पगारी सुट्ट्या, आजारपणाच्या वेगळ्या, दरवर्षी किती वाढ, काम सोडायचं किंवा थांबवायचं तर दोघींनी एक महिना आधी सांगायचं. लिहिताना लक्षात येत होतं की हा कागदसुद्धा मीच देतेय, मला वाटलं म्हणून देतेय, उद्या फाडला तर मावशी कुठे जाणार? घरकामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे पण तो सुट्ट्या आणि पगार ठरवत नाही. पुण्यात मोलकरणींनी १९८० साली संप केला होता, त्यातून संघटना उभी राहिली, आज जे काही दर आणि सुट्ट्या लोक मुकाट मान्य करतात त्यामागे त्या बायका आहेत, माझ्यासारख्यांचा चांगुलपणा नाही. मी मावशींना संघटनेचं विचारलं. त्या म्हणाल्या, "माझी जाऊ जाते मीटिंगला. मी नव्हते जात. तुम्हाला काय वाटेल म्हणून."

आठ वर्षं माझ्या गेटची कडी आवाज न करता उघडत होती.

पुढच्या महिन्यात त्या जावेबरोबर मीटिंगला जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर म्हणाल्या, "ताई, तो कागद आणा बरं." वाचून घेतला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे बोनसचं नाही लिहिलेलं. एक पगार, दिवाळीच्या आधी. आणि भांडी वाढली तर पैसे वाढतात, तेपण लिहा." मी म्हणाले, भांडी वाढली म्हणजे किती वाढली, ते कसं मोजायचं? मग आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून त्यावर चांगला अर्धा तास वाद घातला.